दलालाचा शब्द आणि मालकाची बांधिलकी : सापगावच्या जमीनव्यवहारावरून एका नियमाचा इतिहास

शहापूरहून मुरबाडकडे निघालेला रस्ता भातसा नदीच्या काठाने सापगावी येतो. आसनगावचे रेल्वे स्थानक आणि मुंबई–आग्रा महामार्ग ही दोन्ही येथून दूर नाहीत. त्यामुळे या भागातील जमिनीला गावाबाहेरची, विशेषतः मुंबई–कल्याणकडील गिऱ्हाइके मिळतात. अशा व्यवहारात विकणारा आणि घेणारा बहुधा एकमेकांस ओळखत नाहीत. दोघांच्यामध्ये दलाल असतो. बांधावर उभे राहून जमीन दाखविणारा तो, भाव सांगणारा तो, आणि पुष्कळदा मालकाच्या वतीने आश्वासने देणाराही तोच. “मालक वाट सोडतील”, “बिनशेतीची परवानगी मालकच काढून देतील”, अशी वाक्ये मालकाच्या अपरोक्ष उच्चारली जातात आणि घेणारा त्यांवर विसंबून इसार मोजतो. पुढे मालक म्हणतो की, आपण असे कधीच बोललो नाही. हा शब्द मालकावर बंधनकारक आहे काय, हा येथील प्रश्न. त्याचे उत्तर भारतीय कायद्यात सुमारे दीडशे वर्षांत घडत गेले. ते कसे घडले आणि आज कोठे येऊन थांबले आहे, हे पाहणे हा या लेखाचा विषय होय.

१. दाखविणारा आणि देणारा

‘दलाल’ हा शब्द अरबीतून आला. त्याच्या मूळ धातूचा अर्थ वाट दाखविणे, निर्देश करणे असा आहे. कायद्याने पुढे जो भेद प्रस्थापित केला तो जणू या शब्दातच सांगितलेला आहे. दलाल दाखवितो, देणे हे मालकाचे काम. देण्याचा अधिकारही ज्याला सोपविलेला असतो, त्याच्यासाठी मराठीत ‘मुखत्यार’ हा वेगळा शब्द रूढ आहे. दलालाला मुखत्यार समजणे, हे या विषयातील बहुतेक तंट्यांचे मूळ आहे.

ठाणे जिल्ह्यातील दिवाणी न्यायालयांत १८७२ पूर्वी असे तंटे आले, तर त्यांचा निर्णय लावण्यास लिखित करार कायदा नव्हता. मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनातील २६ व्या कलमाने न्यायाधीशांस क्रम घालून दिला होता : आधी कायदे व रेग्युलेशने, त्यांच्या अभावी देशातील वहिवाट, नंतर प्रतिवादीचा कायदा, आणि यांपैकी काहीच नसेल तर न्याय, समता आणि सद्विवेक. ज्या व्यवहाराची बोलणी गावातील जाणत्यांच्या साक्षीने होत, तेथे मधल्या माणसाच्या एकट्याच्या शब्दाला फारसे महत्त्व येण्याचे कारण नव्हते. घेणारा परका आणि मालक परगावी, अशी स्थिती झाल्यावरच या प्रश्नाला धार आली.

१८६१ मध्ये लंडनमध्ये नेमल्या गेलेल्या तिसऱ्या विधि आयोगाने कराराच्या कायद्याचा मसुदा १८६६ मध्ये सादर केला. त्यात पुष्कळ फेरफार होऊन भारतीय करार कायदा १ सप्टेंबर १८७२ पासून अमलात आला. त्याच्या दहाव्या प्रकरणात मालक आणि प्रतिनिधी यांच्या संबंधाचे नियम आहेत. अधिकारातिक्रमाचा मूळ नियम कलम २२७ व २२८ मध्ये आढळतो. प्रतिनिधीने अधिकाराबाहेर केलेला भाग अधिकारातील भागापासून वेगळा काढता येत असेल, तर मालक अधिकारातील भागापुरताच बांधला जातो. तसा वेगळा काढता येत नसेल, तर संपूर्ण व्यवहार नाकारण्यास तो मोकळा असतो. दुसऱ्या कलमाखालचा दृष्टान्त मेंढरांचा आहे. पाचशे मेंढरे विकत घेण्यास सांगितलेला प्रतिनिधी पाचशे मेंढरे आणि दोनशे कोकरे मिळून सहा हजार रुपयांना एकरकमी घेतो. अशा वेळी मालकाला सारा सौदा झिडकारता येतो.

मुरबाड तालुक्यातील म्हसे येथील जत्रेचा गुरांचा बाजार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा दृष्टान्त परका वाटणार नाही. तथापि जनावराचा सौदा आणि जमिनीचा सौदा यांत एक अंतर आहे. जनावर दावणीवरून सोडून हाती दिले की व्यवहार पुरा होतो. जमिनीचे तसे नाही. तिथे हक्काची तपासणी, बोजाची चौकशी, साठेखत, खरेदीखत, नोंदणी आणि फेरफार अशा पायऱ्या असतात. याच अंतरावर जमिनीच्या दलालाचा वेगळा नियम उभा राहिला.

२. ‘गिऱ्हाईक पाहा’ म्हणजे ‘विका’ नव्हे

हा नियम प्रथम इंग्लंडमध्ये स्पष्ट झाला. हेमर विरुद्ध शार्प या १८७४ च्या निवाड्यात मालकाने दलालास मालमत्तेसाठी गिऱ्हाईक शोधण्यास सांगितले होते. दलालाने पुढे जाऊन विक्रीच्या करारावर स्वतःच सही केली. हक्काच्या दाखल्यासंबंधी कोणत्या अटी घालावयाच्या याची कसलीही सूचना त्याला नव्हती. अशा स्थितीत करार पुरा करण्याचा अधिकार त्याला नव्हता, असे न्यायालयाने ठरविले. याच्या उलट १९०० च्या रोझेनबाउम विरुद्ध बेल्सन या प्रकरणात मालकाच्या पत्रात ‘विका’ असाच आदेश होता आणि प्रत्यक्ष विक्रीच्या किमतीवर दलाली देण्याचे कबूल केलेले होते. तेथे दलालाचा करार मालकावर बंधनकारक ठरला. दोन्ही निवाड्यांतील फरक केवळ शब्दांचा दिसतो. परंतु तो शब्द मालकाचा आहे, दलालाचा नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

भारतात हा भेद सर्वोच्च न्यायालयाने १९५० मध्ये, म्हणजे त्या न्यायालयाच्या स्थापनेच्याच वर्षी, अब्दुल्ला अहमद विरुद्ध अनिमेंद्र किसन मित्तर या प्रकरणात स्वीकारला. कलकत्त्याच्या अमरतल्ला स्ट्रीटवरील मालमत्तेसाठी मालकाने दलालास पत्र दिले होते. एक लाख रुपयांहून कमी नाही अशा किमतीने विक्रीची बोलणी करावी, गिऱ्हाईक मिळवावे, आणि किंमत जसजशी वाढेल तसतसा मोबदला वाढत जाईल, असा त्याचा आशय होता. अधिकाराची मुदत एक महिन्याची होती. दलालाने गिऱ्हाईक आणले. पुढे मालकाने परस्पर व्यवहार केला आणि दलालीचा वाद न्यायालयात गेला. निवाड्यात दोन गोष्टी एकत्र सांगितल्या गेल्या. ‘बोलणी करणे’ व ‘गिऱ्हाईक मिळविणे’ या शब्दांनी दलालास विक्रीचा पक्का करार करण्याचा अधिकार मिळत नाही. तथापि त्याने आणलेल्या गिऱ्हाइकामुळेच विक्री घडून आली असल्याने तो दलालीस पात्र आहे.

हा दुहेरी निर्णय विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावा असा आहे. दलाली मिळण्याचा हक्क आणि मालकास बांधण्याचा अधिकार या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दलालाने काम पुरे केले म्हणून मोबदला मिळतो. परंतु मोबदला मिळतो म्हणून त्याचा प्रत्येक शब्द मालकाचा होत नाही. घेणाऱ्याच्या वतीने न्यायालयात पुष्कळदा असा युक्तिवाद होऊ शकतो की, मालकाने दलाली दिली त्याअर्थी दलालाचे बोलणे त्याला मान्य होते. १९५० च्या निवाड्यानंतर हा युक्तिवाद एकटा टिकत नाही.

३. वर्णन आणि वचन

येथवरच्या विवेचनावरून दलालाच्या बोलण्याचा मालकाशी काहीच संबंध नाही असे अनुमान काढले, तर ते चूक होईल. ज्याला गिऱ्हाईक शोधण्यास सांगितले, त्याला जमिनीचे वर्णन करावेच लागते. कलम १८८ प्रमाणे सोपविलेले काम पार पाडण्यास जे आवश्यक ते करण्याचा अधिकार त्या कामातच अंतर्भूत असतो. मलेन्स विरुद्ध मिलर या १८८२ च्या इंग्रजी निवाड्यात हेच सांगितले गेले : गिऱ्हाईक मिळविण्यास नेमलेल्या दलालाला मालमत्तेचे आणि तिच्या किमतीवर परिणाम करणाऱ्या गोष्टींचे वर्णन करण्याचा अधिकार असतो, आणि ते वर्णन खोटे निघाल्यास मालक हात झटकू शकत नाही. भारतीय कायद्यात कलम २३८ याच तत्त्वावर उभे आहे. प्रतिनिधीने आपल्या कामाच्या ओघात केलेले अपवर्णन किंवा कपट मालकानेच केल्यासारखे मानले जाते. त्याच्या अधिकारक्षेत्राबाहेरील बाबतीत केलेले मात्र मालकास लागू होत नाही.

यावरून दलालाच्या वाक्यांचे दोन वर्ग पडतात. ‘जमीन रस्त्याला लागून आहे’ हे वर्णन आहे. ते आज खरे किंवा खोटे असते. ‘मालक सहा महिन्यांत बिनशेती करून देतील’ हे वचन आहे. ते मालकाच्या भावी वर्तनाविषयी आहे. खोट्या वर्णनाने घेणाऱ्यास करार रद्द करण्याचा मार्ग मिळतो. परंतु वचन पुरे करून घेण्याचा हक्क हवा असेल, तर त्या वचनाला मालकाचा अधिकार कोठून तरी मिळालेला दाखवावा लागतो. घेणारे या दोन वर्गांत गल्लत करतात आणि रस्ता नसलेल्या जमिनीचा करार रद्द करून पैसे परत मागण्याऐवजी, मालकाने रस्ता बांधून द्यावा असा दावा लावून बसतात.

४. एक दृष्टान्त

करार कायद्याच्या रीतीस अनुसरून सापगाव परिसरातील एक कल्पित व्यवहार तपासणे सोयीचे होईल. अ याची ७० गुंठे शेतजमीन आहे. तो कल्याणला राहतो. गावातील दलाल ब याला तो सांगतो, “गिऱ्हाईक पाहा, गुंठ्याला एक लाखाच्या खाली बोलू नका.” ब हा क या शेतकरी खातेदारास जमीन दाखवितो आणि चार गोष्टी करतो. जमिनीला सरकारी रस्ता लागून आहे असे सांगतो. वस्तुतः वाट दुसऱ्याच्या गटातून जाते. अ स्वखर्चाने सहा महिन्यांत बिनशेतीची परवानगी काढून देईल असे आश्वासन देतो. गुंठ्याला पंच्याण्णव हजारांवर सौदा तोडतो. शेवटी दोन लाख रुपये इसार घेऊन ‘मालकातर्फे’ अशी पावती लिहून देतो.

रस्त्याची गोष्ट वर्णनाची आहे. ती कलम २३८ खाली येते. पुढे खुद्द अ याने याच बोलण्यावरून क याच्याशी करार केला, तर तो करार क याच्या इच्छेनुसार रद्द होऊ शकतो, मग अ याला बच्या थापेची कल्पना असो वा नसो. तथापि कलम १९ मध्ये एक अपवाद आहे. अपवर्णन निष्कपटी असेल आणि सामान्य दक्षता घेतल्यास खरी गोष्ट कळण्यासारखी असेल, तर करार रद्द करता येत नाही. गावनकाशा, सातबारा आणि प्रत्यक्ष वाट पाहून जे कळले असते ते न पाहता क विसंबून राहिला, तर हा अपवाद त्याच्या आड येऊ शकतो. ब ने जाणूनबुजून खोटे सांगितल्याचे सिद्ध झाले, म्हणजे कपट शाबीत झाले, तर मात्र क याच्या बेसावधपणाचा आधार अ याला घेता येत नाही.

भावाच्या प्रश्नात क याच्या वकिलास कलम २३७ चा पहिला दृष्टान्त आठवेल. माल विक्रीसाठी प्रतिनिधीकडे पाठविलेला असतो, ठरावीक किमतीखाली विकू नये अशी खाजगी ताकीद असते, ती ठाऊक नसलेला तिऱ्हाईत कमी किमतीला सौदा करतो, आणि मालक बांधला जातो. मग पंच्याण्णव हजारांनी अ का बांधला जाऊ नये? याचे उत्तर त्या कलमाच्या शब्दांतच आहे. मालकाने आपल्या बोलण्याने वा वर्तनाने तिऱ्हाइताच्या मनात विश्वास उत्पन्न केलेला असला पाहिजे. माल ताब्यात देणे हे विकण्याचा अधिकार दाखविणारे वर्तन आहे. तेथे गुप्त ताकीद निष्फळ ठरते. अ याने असे काहीच केलेले नाही. त्याने जमीन दाखविण्यास सांगितले, आणि जमीन दाखविणे म्हणजे ती विकण्याचा अधिकार दाखविणे नव्हे. “मालकांनी मला सर्वाधिकार दिला आहे” हे बचे वाक्य कितीही ठामपणे उच्चारलेले असले, तरी दलाल स्वतःच्या शब्दाने स्वतःचा अधिकार वाढवू शकत नाही. अधिकार होता हे दाखविण्याचा भारही तो आहे असे म्हणणाऱ्यावर, म्हणजे क याच्यावर असतो.

बिनशेतीच्या वचनाची गतीही अशीच होते. इसाराचा प्रश्न अधिक नाजूक आहे. गिऱ्हाईक शोधणाऱ्यास मालकातर्फे पैसे घेण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. १९७६ मध्ये सॉरेल विरुद्ध फिंच या प्रकरणात इंग्लंडच्या उमराव सभेने, करारापूर्वी दलालाने घेतलेल्या आणि बुडविलेल्या अनामतीची जबाबदारी मालकावर टाकण्यास नकार दिला. हा निवाडा भारतीय न्यायालयांवर बंधनकारक नाही. परंतु त्यामागील विचार कलम २३७ शी जुळणारा आहे. अशा वेळी क याचा मार्ग बच्या विरुद्ध उरतो. कलम २३५ प्रमाणे नसलेला अधिकार आहे असे भासविणाऱ्याने, मालकाने त्याचे कृत्य मान्य न केल्यास, नुकसानभरपाई द्यावी लागते.

५. मालक बांधला जातो तो कसा

आता याच दृष्टान्तात थोडे बदल करून पाहावेत. बांधावर ब बिनशेतीचे आश्वासन देत असता अ शेजारी उभा होता आणि गप्प राहिला. किंवा मागील वर्षी शेजारच्या गटाच्या विक्रीत बने दिलेले असेच वचन अ याने बिनतक्रार पाळले होते आणि क याला ते ठाऊक होते. या दोन्ही ठिकाणी विश्वास उत्पन्न करणारे वर्तन मालकाचे आहे; कलम २३७ लागू होते आणि अ याची सुटका होत नाही.

दुसरा बदल अधिक नित्य घडणारा आहे. ब इसाराचे दोन लाख रुपये आणि पावतीची प्रत अ याच्या हाती ठेवतो. पावतीवर भाव आणि बिनशेतीचे वचन दोन्ही लिहिलेली आहेत. अ पावती वाचतो, पैसे बँकेत भरतो आणि तीन महिने काही बोलत नाही. मग जमिनीचे भाव वाढतात आणि तो म्हणतो की, इसार मान्य आहे, पण बिनशेतीचे आपण बोललोच नव्हतो. येथे अनुमोदनाची कलमे पुढे येतात. कलम १९७ प्रमाणे अनुमोदन वर्तनातूनही होते. कलम १९९ प्रमाणे व्यवहाराचा एक भाग स्वीकारणारा सगळा व्यवहार स्वीकारतो. पैसे गोड आणि वचन कडू म्हणून एक ठेवून दुसरे टाकण्याची मुभा मालकाला नाही. मात्र कलम १९८ चे संरक्षण त्याला आहे. महत्त्वाच्या गोष्टींचे ज्ञान अपुरे असताना दिलेले अनुमोदन वैध नसते. बने पावती दाखविलीच नाही, केवळ रक्कम दिली, तर वचनाला अनुमोदन मिळाले असे म्हणता येणार नाही. परंतु खरी गोष्ट कळताच अ याने व्यवहार नाकारून पैसे परत केले पाहिजेत. कळल्यावरही पैसे ठेवून घेतले, तर ते ठेवणेच अनुमोदन होऊन बसते.

म्हणून असे तंटे तपासताना दलाल काय बोलला यापेक्षा काही साध्या गोष्टी अधिक उपयोगी पडतात. मालकाने कोणते पत्र, संदेश किंवा मुखत्यारपत्र दिले होते. घेणाऱ्याने ते वाचले होते काय. मालक कोठे हजर होता. पैसा कोणाच्या हाती आणि केव्हा गेला. आणि माहिती झाल्यावर मालकाने किती दिवसांनी हरकत घेतली. मुखत्यारपत्र असले तरी ते वाचून त्यातील मर्यादा कळलेल्या घेणाऱ्याला, मर्यादेबाहेरील वचनावर आपण विश्वास ठेवला असे म्हणता येत नाही.

६. अनुमोदनाची सीमा

काही वचने अशी असतात की खुद्द मालकाने दिली तरी ती पाळता येत नाहीत. शहापूर तालुका १९८५ च्या आदेशाने संपूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहे. मुरबाडातील काही गावेही त्यात येतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ व १९७४ मध्ये आलेल्या ३६-अ प्रमाणे आदिवासी खातेदाराची जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या वा शासनाच्या पूर्वमंजुरीवाचून बिगर आदिवासीकडे जाऊ शकत नाही. तसेच १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याचे कलम ६३ शेतकरी नसलेल्यास शेतजमीन विकण्यावर निर्बंध घालते. “परवानगीची भानगड नाही, मालक नावावर करून देतील” हे दलालाचे वचन मालकाच्या अनुमोदनाने वैध होत नाही. कायद्याने निषिद्ध केलेले कृत्य कोणाच्याही संमतीने शुद्ध होत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. सर्वोच्च न्यायालयाने नथुलाल विरुद्ध फुलचंद या १९६९ च्या निवाड्यात असे म्हटले की, ज्या मालमत्तेच्या हस्तांतरास अधिकाऱ्याची परवानगी लागते, तिच्या विक्रीच्या करारात ती परवानगी मिळविण्यासाठी आवश्यक ते करण्याची विक्रेत्याची जबाबदारी गर्भित असते. म्हणजे मालकाने स्वतः करार केला असेल, तर हस्तांतराच्या परवानगीसाठी अर्ज करण्याचे बंधन दलालाच्या शब्दावाचूनही त्याच्यावर येऊ शकते. बिनशेतीचे तसे नाही. ती हस्तांतराची पूर्वअट नसून घेणाऱ्याची सोय आहे. तिच्यासाठी मालकाचे वेगळे वचनच लागते.

७. २०१६ नंतरचा पालट

स्थावर मालमत्तेच्या नियमनाचा कायदा २०१६ मध्ये झाला आणि १ मे २०१७ पासून पूर्णपणे अमलात आला. त्याने प्रथमच दलालाला नोंदणीची सक्ती केली. नोंदणी आवश्यक असलेल्या प्रकल्पातील विक्रीत मध्यस्थी करणाऱ्याने खोटी वा दिशाभूल करणारी विधाने करू नयेत आणि विकासकाला नसलेली मान्यता आहे असे सांगू नये, असे कलम १० सांगते. कलम १२ प्रमाणे जाहिरात वा माहितीपत्रकातील खोट्या विधानावर विसंबून पैसे भरणाऱ्याची भरपाई विकासकाने करावयाची असते. अधिकार होता की नव्हता हा जुना वाद येथे बराच मागे पडतो, कारण जाहिरात विकासकाचीच मानली जाते.

तथापि या कायद्याची कक्षा प्रकल्पांपुरती आहे. सापगावच्या एखाद्या खातेदाराने आपला शेतीचा गट दुसऱ्या शेतकऱ्यास विकला, तर तो या कायद्याखाली येत नाही. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील प्रकल्पांनाही नोंदणीची सक्ती नाही. म्हणजे एकाच गावात, एकाच दलालाच्या तोंडून निघालेले एकच वाक्य भूखंड पाडलेल्या प्रकल्पात एका कायद्याने आणि शेजारच्या शेतात दुसऱ्या कायद्याने तोलले जाते. शेतापुरता आजही १८७२ चाच नियम लागू आहे. त्या नियमाने मालकाला दलालाच्या जिभेपासून संरक्षण दिले. स्वतःच्या मौनापासून आणि स्वीकारलेल्या पैशापासून मात्र दिले नाही.